गाणं ओळखणारी अ‍ॅप मैफलीत का अडखळतात? ऑडिओ फिंगरप्रिंटिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अ‍ॅप गाणं ऐकतं म्हणजे नेमकं काय करतं?

आपण ज्या अर्थाने गाणं ऐकतो, त्या अर्थाने ते काहीच ऐकत नाही. शब्द, चाल, राग, ताल, आवाज कुणाचा, यातलं काहीही त्याला कळत नाही. आवाजाचा एक छोटा तुकडा घेऊन त्याचा 'ठसा' काढायचा आणि साठवून ठेवलेल्या कोट्यवधी ठशांत तो शोधायचा, एवढंच त्याचं काम. पुढच्या जवळजवळ सगळ्या प्रश्नांचं मूळ इथेच आहे. हा ठसा गाण्याचा नसतो, एका विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा असतो. त्याच गायिकेने तेच गाणं दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं, तर अ‍ॅपच्या दृष्टीने ते पूर्णपणे वेगळं ध्वनिमुद्रण ठरतं.

ठसा काढतात कसा?

पद्धती अनेक आहेत. त्यातली सर्वांत प्रसिद्ध पद्धत शॅझम या गाणं ओळखणाऱ्या सेवेच्या एव्हरी वाँग यांनी 2003 मध्ये एका शोधनिबंधात मांडली. शॅझमची सेवा ब्रिटनमध्ये त्याच्या आदल्या वर्षी सुरू झाली होती. तेव्हा आजच्यासारखे स्मार्टफोन नव्हते. लोक 2580 हा क्रमांक फिरवून फोन लाउडस्पीकरसमोर धरायचे आणि उत्तर एसएमएसने यायचं. फोनवरून जाणारा आवाज चिरका, अर्धवट आणि गोंगाटाने भरलेला असायचा. म्हणून मुळातच ही पद्धत 'बराचसा आवाज हरवला तरी चालेल' या अपेक्षेने रचली गेली.

आवाजाचे छोटे छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात कोणती कंपनसंख्या किती जोरात आहे हे मोजतात. त्यातून स्पेक्ट्रोग्राम तयार होतो. आडव्या दिशेने वेळ, उभ्या दिशेने स्वराची उंची आणि जितका आवाज मोठा तितका तो ठिपका ठळक, असं हे चित्र असतं. मग त्यातले फक्त आजूबाजूपेक्षा उठून दिसणारे ठिपके ठेवतात आणि बाकी सगळं टाकून देतात. रात्रीच्या आकाशात ठळक तारे तेवढे दिसावेत तसं ते दिसतं. गर्दीची कुजबुज, पंख्याची घरघर यांतून बाकीचं चित्र बिघडलं तरी सर्वांत ठळक ठिपके बहुधा तगून राहतात.

एकट्या ठिपक्यावरून मात्र काहीच शोधता येत नाही. 440 हर्ट्झचा ठिपका लाखो गाण्यांत सापडेल. म्हणून प्रत्येक ठिपक्याची त्याच्या नंतरच्या काही ठिपक्यांशी जोडी लावतात. पहिल्याची उंची, दुसऱ्याची उंची आणि दोघांमधलं वेळेचं अंतर, हे तीन आकडे मिळून एक हॅश बनतो. दहा सेकंदांच्या तुकड्यातून असे शेकडो हॅश सहज निघतात.

एखादी जोडी प्रत्यक्ष आकड्यांत दाखवाल का?

समजा आवाज सेकंदाला 8000 नमुन्यांवर, म्हणजे 8000 मोजमापांवर, आणला आणि एका वेळी 1024 नमुने तपासले. म्हणजे प्रत्येक खिडकी 128 मिलिसेकंदांची झाली. खिडकी दर वेळी निम्मी, म्हणजे 64 मिलिसेकंद, पुढे सरकते. अशा मापनात उंचीच्या दोन शेजारी कप्प्यांत सुमारे 7.8 हर्ट्झचं अंतर पडतं. (ही माझी उदाहरणापुरती निवड आहे. प्रत्येक अ‍ॅप आपापले आकडे ठरवतं.)

एक ठिपका 440 हर्ट्झवर आहे. तो 56व्या कप्प्यात पडला. दुसरा 660 वर, 84व्या कप्प्यात. दोघांत 0.96 सेकंदाचं अंतर, म्हणजे 15 पावलं. हॅश झाला (56, 84, 15). आता शोध म्हणजे 'तंतोतंत हेच तीन आकडे कुठे कुठे आहेत' एवढंच पाहणं. इथे 'जवळपास' असं काही नसतं. (57, 84, 15) हा पूर्णपणे वेगळा हॅश आहे. या काटेकोरपणामुळेच शोध इतका वेगाने होतो, आणि मैफलीत गणित फसतं तेही त्याच्यामुळेच.

पण असे जुळणारे हॅश योगायोगानेही सापडतील ना?

हजारोंनी सापडतात. म्हणून शेवटची पायरी महत्त्वाची आहे. तुमच्या तुकड्यात एक हॅश पहिल्या सेकंदाला आला आणि साठ्यातल्या एका गाण्यात तोच 73व्या सेकंदाला आहे. फरक 72. दुसरा हॅश तुमच्याकडे 2.5 ला, गाण्यात 74.5 ला. फरक पुन्हा 72. तिसरा तुमच्याकडे 4.1 ला आणि गाण्यात 12.3 ला. हा योगायोग, सोडून द्यायचा. सगळ्या जोड्यांचे फरक मांडले की खऱ्या गाण्यात एका ठिकाणी उंच मनोरा उभा राहतो आणि खोट्यांमध्ये सगळीकडे विखुरलेला कचरा दिसतो. मनोरा पुरेसा उंच असेल तर अ‍ॅप नाव दाखवतं. नाहीतर 'सापडलं नाही'.

या मनोऱ्याला फार थोडे हॅश पुरतात. गोंगाटात फक्त 30 टक्के ठिपके तगले असं धरलं, तर जोडीतले दोन्ही ठिपके तगण्याची शक्यता 9 टक्केच उरते. पण तुकड्यात हजार हॅश असतील तर त्यातले नव्वद एकाच फरकावर येऊन बसतात. तेवढ्यात ओळख पटते. त्यामुळे गोंगाट हा या पद्धतीचा फारसा मोठा शत्रू नाही. 'गर्दी होती म्हणून ओळखलं नाही' हे कारण लोक फार लवकर देतात.

मग प्रत्यक्ष मैफलीतलं गाणं का ओळखत नाही?

कारण ते ध्वनिमुद्रण अजून जगात अस्तित्वातच नाही. ते तुमच्यासमोर घडतंय.

वादकांनी हुबेहूब अल्बमसारखं वाजवायचं ठरवलं तरी दोन गोष्टी हटकून बदलतात. एक, ताल. मूळ गाण्यापेक्षा गती दोन टक्के वाढली, तर दहा सेकंदांत 0.2 सेकंदाचा फरक साचतो. आपल्या उदाहरणातलं एक पाऊल 0.064 सेकंदाचं आहे. म्हणजे मनोरा एका जागी उभा राहण्याऐवजी तीन पावलांवर सांडतो. दुसरी, आणि जास्त घातक, प्रत्येक स्वराचा सूक्ष्म आकार. गायकाने स्वर कुठे लावला, कंपन किती घेतलं, श्वास कुठे तोडला, ड्रमवर काठी किती जोरात पडली, यावर कोणता ठिपका सर्वांत ठळक होणार हे ठरतं. आपल्या कानाला 'अगदी तसंच' वाटणारं वादन ठिपक्यांच्या नकाशावर वेगळं दिसतं.

याला दोन अपवाद आहेत. कार्यक्रमात आधी मुद्रित केलेला ट्रॅक मागे लावला असेल तर अ‍ॅप पटकन ओळखतं. मंचावर गाणारा खरंच गातोय की नुसते ओठ हलवतोय, हे मात्र एवढ्यावरून सिद्ध होत नाही. दुसरा अपवाद असा की त्याच कार्यक्रमाचं अधिकृत ध्वनिमुद्रण नंतर प्रसिद्ध होतं, आणि तुम्ही प्रेक्षकांतून फोनवर टिपलेला तुकडा त्याच्याशी जुळू शकतो. मायक्रोफोन वेगळा असला तरी घडलेला क्षण एकच आहे. स्वर आणि त्यांच्या वेळा त्याच आहेत. मैफलीनंतर काही महिन्यांनी तीच क्लिप पुन्हा तपासून पाहणं म्हणूनच वाया जात नाही.

शास्त्रीय संगीताचं तर छापील, बाजारात असलेलं ध्वनिमुद्रण असतं. तरी का अडतं?

हा प्रश्न मला सर्वांत जवळचा आहे, कारण इथे दोष साठ्याचा नसून ठशाचाच असतो, आणि तो फार थोड्या ठिकाणी नीट समजावलेला दिसतो.

विलंबित आलापाची कल्पना करा. तानपुरा अखंड सुरू आहे, गायक एका स्वरावर ठेहराव घेतोय. स्पेक्ट्रोग्राममध्ये षड्ज आणि पंचमाच्या जागी, आणि त्यांच्या वरच्या सहस्वरांच्या जागी, लांबलचक आडव्या रेघा दिसतात. ठिपका म्हणजे 'आजूबाजूपेक्षा ठळक जागा'. पण जी रेघ सबंध चार सेकंद जवळजवळ सारख्याच जोराची आहे, तिच्यात सर्वांत ठळक जागा कोणती? जिथे आवाज केसभर वाढला ती. थोडा गोंगाट मिसळला की ती जागा अर्धा सेकंद पुढे किंवा मागे सरकते. उंचीचे आकडे बरोबर राहतात, वेळेचं अंतर चुकतं, आणि तीन आकड्यांतला एक चुकला की अख्खा हॅश गेला.

उलटही त्रास आहे. जे हॅश टिकतात ते सगळीकडे सारखेच असतात. त्याच षड्जात लावलेला तानपुरा त्या गायकाच्या प्रत्येक ध्वनिमुद्रणात, आणि त्याच पट्टीत गाणाऱ्या इतरांच्याही ध्वनिमुद्रणांत, तेच स्वर देत राहतो. जुळणी भरपूर मिळते, पण कोणत्याही एका फरकावर मनोरा उभा राहत नाही. पसरट ढीग तेवढा तयार होतो.

मग मींड. समजा आवाज अर्ध्या सेकंदात 300 हर्ट्झवरून 400 वर सरकतोय, म्हणजे वेग सेकंदाला 200 हर्ट्झ. तुम्ही बटण दाबलंत तो क्षण आणि साठ्यातल्या ध्वनिमुद्रणाच्या खिडक्या एकमेकींशी जुळतीलच असं नाही. 64 मिलिसेकंदांच्या पावलात त्या जास्तीत जास्त 32 मिलिसेकंद हुकतात. तेवढ्या वेळात स्वर 6.4 हर्ट्झ सरकलेला असतो, जवळजवळ एक पूर्ण कप्पा. ध्वनिमुद्रण तेच, क्षण तोच, तरी हॅश वेगळा. गमकेत स्वर याहून वेगाने हलतो. पावलं लहान केली तर हा दोष कमी होतो, पण साठा त्या प्रमाणात फुगतो.

पियानोत हे फारसं घडत नाही, कारण हातोडी तारेवर पडते तो क्षण अगदी टोकदार असतो आणि नंतर स्वर जागेवर राहतो. तालवाद्याचंही तसंच. म्हणून ख्यालाचं प्रसिद्ध ध्वनिमुद्रण ओळखायचं असेल तर आलापात बटण दाबू नका. द्रुत बंदिश सुरू होऊ द्या, तबल्याचे ठोके स्पष्ट ऐकू येऊ द्या, मग पंधरा सेकंद ऐकवा. हा छोटा बदल पुष्कळदा पुरतो.

एकाच सिंफनीची शेकडो ध्वनिमुद्रणं आहेत. अ‍ॅप त्यांत गोंधळत नाही का?

ठसा गोंधळत नाही. दोन वाद्यवृंदांनी वाजवलेली तीच रचना त्याच्यासाठी दोन अनोळखी ध्वनिमुद्रणं असतात. तुम्ही ऐकताय ते साठ्यात नसेल तर तो दुसऱ्या वाद्यवृंदाचं नाव सहसा देत नाही, गप्प बसतो. गोंधळ होतो तो नावांच्या यादीत. एकच ध्वनिमुद्रण पाच वेगवेगळ्या संकलनांत निघतं, कुठे संचालकाचं नाव, कुठे नुसतं रचनाकाराचं, कुठे चुकीचं.

ध्वनिमुद्रण ओळखणं म्हणजे काय, हे जॉयस हॅटो प्रकरणात सगळ्यांना दिसलं. या ब्रिटिश पियानोवादिकेच्या नावावर शंभराहून अधिक सीडी निघाल्या होत्या. 2007 च्या सुरुवातीला, तिच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, एका श्रोत्याने तिची संगीतकार फ्रान्झ लिस्टच्या रचनांची सीडी संगणकात घातली आणि आयट्यून्सने वादक म्हणून लास्लो सिमोन हे नाव दाखवलं. तिथे आवाजाचा ठसा वापरलेला नव्हता. आयट्यून्स वापरत असलेला ग्रेसनोटचा साठा सीडीवरच्या ट्रॅकच्या लांबीवरून सीडी ओळखत असे. पण त्या संशयावरून तज्ज्ञांनी प्रत्यक्ष ध्वनिलहरी ताडून पाहिल्या आणि इतरांची वादनं तिच्या नावावर खपवल्याचं सिद्ध झालं. काही ध्वनिमुद्रणांची तर गतीही बदललेली होती. तिच्या पतीने, जो त्या सीडींचा निर्माता होता, पुढे ते कबूल केलं.

गती किंचित बदलली तर ठशाचं काय होतं?

वरचंच उदाहरण घेऊ. टेप तीन टक्के वेगाने चालली. 440 चे 453.2 झाले, म्हणजे 58वा कप्पा. 660 चे 679.8, म्हणजे 87वा. (56, 84, 15) चा झाला (58, 87, 15). कानाला तीन टक्के म्हणजे अर्धस्वराच्या सुमारे निम्मं. बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. ठशासाठी मात्र सगळी ओळख पुसली गेली. अर्धा टक्का बदल असेल तर खालच्या स्वरांचे कप्पे पुष्कळदा टिकतात, वरचे सरकतात, आणि निकाल नशिबावर अवलंबून राहतो.

जुन्या ध्वनिमुद्रणांत हे सर्रास आढळतं. कॅसेट प्लेअरच्या मोटरचा वेग बिघडलेला असतो. जुन्या तबकड्यांवर 78 लिहिलेलं असलं तरी मुद्रण नेमक्या त्या वेगाने झालेलं असेलच असं नाही. शिवाय काही जण स्वामित्वहक्काची तपासणी चुकवण्यासाठी मुद्दाम गती बदलून फाइल चढवतात.

प्रादेशिक भाषांतली गाणी इतकी कमी का ओळखली जातात? अ‍ॅपला भाषा कळत नाही म्हणून?

भाषेचा इथे काही संबंध नाही. ठशाला कोणतीच भाषा कळत नाही, त्यामुळे तो कोणत्याही भाषेला डावलत नाही. डावललं जातं त्याआधी. साठ्यात ध्वनिमुद्रण येतं ते प्रकाशक किंवा वितरकाने डिजिटल फाइल पुरवली तर. छोट्या कंपनीने काढलेली, नंतर बंद पडलेली, फक्त कॅसेटवर राहिलेली गाणी कुणी पाठवलीच नाहीत, तर जगातली सर्वोत्तम पद्धतही ती ओळखू शकत नाही. जी पोहोचतात त्यांतली काही 'ट्रॅक 03' अशा नावाने पडून राहतात. मग अ‍ॅप बरोबर ओळखतं आणि तरी निरुपयोगी उत्तर देतं.

कधी कधी भलतंच गाणं दाखवतं, ते कशामुळे?

बहुतेक वेळा ती चूक नसते. दोन गाण्यांत एकच मुद्रित तुकडा वापरलेला असतो. विकत मिळणारे ताल-लूप, किंवा कीबोर्डमध्ये आधीच भरलेला ताल त्याच गतीला लावलेला, असं काहीतरी. तो तुकडा खरोखरच जुळतो. गाण्याच्या तीन वेगळ्या जागा ऐकवून पाहा. उत्तरं वेगवेगळी आली, किंवा फक्त सुरुवातीच्या वाद्यसंगीतालाच नाव मिळालं आणि गायन सुरू झाल्यावर मिळालं नाही, तर कारण हेच.

गुणगुणून शोधता येतं, त्याचा उपयोग होईल?

ती वेगळी पद्धत आहे. गूगलने ती सोय 2020 मध्ये आणली. तिथे ठिपके जुळवत नाहीत, चालीचा चढउतार जुळवतात, म्हणून पट्टी आणि गती बदलली तरी चालतं. चाल बांधलेली असेल तर मैफलीतलं गाणंही अशा रीतीने सापडू शकतं. स्वतः मुखडा गुणगुणून बघा. आलाप किंवा तानांना मात्र याचा उपयोग नाही. जे त्या क्षणी सुचलं आणि पुन्हा तसं कधीच गायलं गेलं नाही, त्याला जुळवायला दुसरी चालच नसते. आणि चाल सापडली तरी 'हे कुणाचं, कोणत्या वर्षीचं ध्वनिमुद्रण' हे ती पद्धत सांगू शकत नाही.

माझ्याकडे जुनी कॅसेट आहे. अडचण नेमकी कुठे आहे हे कसं ओळखू?

आधी मायक्रोफोन बाजूला ठेवा. कॅसेट थेट तारेने संगणकात उतरवा आणि ती स्वच्छ फाइल तपासा. आता ओळख पटली तर दोष खोलीचा किंवा फोनचा होता. नाही पटली, तर तबला स्पष्ट असलेला भाग वेगळा काढून पाहा. तरीही नाही, तर गतीचा संशय घ्या.

गती तपासायची एक युक्ती मी नेहमी वापरतो. जिथे मुख्य वीजपुरवठा 50 हर्ट्झचा आहे तिथल्या जुन्या मुद्रणांत विजेची बारीक घुंई पुष्कळदा टेपवर उतरलेली असते. शांत जागा निवडून ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये `Plot Spectrum` उघडा, आकार 65536 ठेवा. 44100 च्या फाइलमध्ये एका कप्प्याचं अंतर सुमारे 0.67 हर्ट्झ येतं, म्हणून 50 च्या तिप्पट असलेल्या 150 च्या आसपास बघणं जास्त अचूक. तिथे 154.5 दिसलं, तर टेप तीन टक्के वेगाने चाललीय. अगदी 150 वर दुसरा ठिपका असेल तर तो तुमच्या उतरवण्याच्या यंत्राचा आहे, त्याकडे दुर्लक्ष करा. मग ffmpeg या प्रोग्रॅमने फाइल तेवढ्या प्रमाणात, म्हणजे 1 भागिले 1.03 = सुमारे 0.971 पट गतीवर, संथ करा:

```
ffmpeg -i kaset.wav -af "asetrate=44100*0.971,aresample=44100" sudharit.wav
```

ही आज्ञा 44100 नमुन्यांच्या फाइलसाठी आहे. तुमची 48000 ची असेल तर दोन्ही जागी तो आकडा घाला. घुंई सापडलीच नाही तर 0.96 पासून 1.04 पर्यंत 0.005 च्या टप्प्याने सतरा प्रती बनवून प्रत्येक ऐकवा. कंटाळवाणं आहे, पण तासाभरात संपतं. घुंईवरून दुरुस्त केलेली प्रतही ओळखली गेली नाही, तरी वेगवेगळ्या गतीच्या प्रती तपासणं सोडू नका. बाजारात असलेली डिजिटल प्रत स्वतःच चुकीच्या गतीची असू शकते, आणि जुळायला तुमची टेप तिच्याएवढीच चुकलेली असावी लागते.

आणि कशानेच सापडलं नाही तर?

मग ते ध्वनिमुद्रण साठ्यात नाही असं धरायला हरकत नाही. अकूस्टआयडी हा ठशांचा खुला साठा आहे आणि त्याला कुणीही भर घालू शकतं. त्याचा ठसा क्रोमाप्रिंट नावाच्या पद्धतीने निघतो. तिच्यात ठिपक्यांऐवजी सप्तकातल्या बारा स्वरांत ऊर्जा कशी विभागली आहे ते पाहतात. हा साठा पूर्ण फाइल ओळखण्यासाठी आहे, फोनवर ऐकलेल्या तुकड्यांसाठी नाही. एरवी तो सुरुवातीची 120 सेकंदंच वापरतो. ठसा असा काढतात:

```
fpcalc sudharit.wav
```

आधी म्युझिकब्रेंझ या संगीताच्या खुल्या माहितीकोशात ध्वनिमुद्रणाची नोंद करा, आणि त्याच्या पिकार्ड या प्रोग्रॅममधून ठसा तिला जोडा. नोंद करताना कॅसेटच्या आवरणावर छापलेलं जसंच्या तसं उतरवा. तबलजी, हार्मोनियमवादक, कॅसेटचा क्रमांक, सगळं. मैफलीचं खासगी मुद्रण असेल तर स्थळ आणि तारीख, जेवढी खात्रीने माहीत आहे तेवढीच. आणि फाइलच्या सुरुवातीला निवेदन किंवा टेपची खरखर असेल तर ठसा काढण्याआधी ती कापायची की नाही हे एकदाच ठरवा. कापलेल्या आणि न कापलेल्या प्रतींचे ठसे एकमेकांपासून तेवढ्या सेकंदांनी सरकलेले असतात, आणि सरकणं फार असेल तर पुढच्या माणसाची तीच कॅसेट तुमच्या नोंदीशी जुळत नाही.